काळ्या-लाल वेष्टनावरची बारीक अक्षरं आणि मोबाइलचा कॅमेरा

जपानी चॉकलेटचं गडद लाल, चकचकीत वेष्टन आणि त्यावर सोनेरी रंगात छापलेली घटकांची यादी. दूध किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्याला ती यादी नीट वाचता यायलाच हवी. जपानच्या नियमानुसार अशी अक्षरं साधारणपणे किमान ८ पॉइंटची असावी लागतात, पण पाकीट लहान असेल तर ५.५ पॉइंटही चालतात. म्हणजे जेमतेम २ मिलिमीटर! तेवढ्यात दहा-बारा रेघांचं एकेक अक्षर. फोटोत त्या रेघा एकमेकींत मिसळल्या, तर भाषांतराचं ॲप भलतंच अक्षर वाचतं.

खरी अडचण प्रकाशाची असते. वरची गुळगुळीत फिल्म आरशासारखी वागते, तर खालची शाई प्रकाश सगळीकडे विखुरते. फ्लॅश लेन्सच्या शेजारीच असल्यामुळे त्याचा झोत फिल्मवरून सरळ लेन्समध्ये परततो. त्यापेक्षा फ्लॅश बंद करून पाकीट खिडकीपाशी न्यावं. उजेड बाजूने, साधारण ४५ अंशांत यावा आणि फोन पाकिटाच्या बरोबर समोर असावा. मग चकाकी दुसऱ्या बाजूला निघून जाते आणि अक्षरांवरून विखुरलेला प्रकाश तेवढा लेन्समध्ये येतो. अंगात पांढरा शर्ट असेल, तर त्याचंही प्रतिबिंब पडतं; फोनमागे काळं कापड धरलेलं बरं.

दुसरी गंमत एक्स्पोजरची. वेष्टन गडद दिसलं की कॅमेरा आपणहून फोटो उजळ करतो आणि सोनेरी रेघा फुगतात. म्हणून लेबलवर बोट टेकवून उजेडाची पट्टी थोडी खाली ओढावी. जिथे चकाकीने प्रत्येक रंगाची किंमत २५५ला, म्हणजे कमाल मर्यादेला टेकली, तिथली अक्षरं कायमची गेली. फोटो काळपट करून पाहिलं तर तो डाग नुसता सपाट राखाडी होतो.

यानंतर फोटोवर काम. समजा, पार्श्वभूमीच्या लाल, हिरव्या, निळ्या किमती १५०, २०, ३० आहेत आणि अक्षरांच्या २००, १६०, ६०. लाल चॅनलमध्ये फरक ५०चा, हिरव्यात तब्बल १४०चा. नेहमीच्या पद्धतीने कृष्णधवल केलं, तर तो साधारण १०० होतो. त्यामुळे फोटो-एडिटरमध्ये फक्त हिरवा चॅनल ठेवावा आणि मग रंग उलटे करावेत, कारण अक्षरं ओळखणारी बरीच सॉफ्टवेअर पांढऱ्यावर काळं वाचायला सरावलेली असतात. शार्पनिंग मात्र जपून. जास्त झालं की रेघांभोवती पांढरी कड उमटते आणि अक्षरांतल्या बारीक फटी बुजतात.

भाषांतर सफाईदार आलं म्हणजे वाचन बरोबर झालं असं नाही. पोषणाच्या तक्त्यातले आकडे मूळ पाकिटाशी ताडून पाहावेत. मिठाच्या ओळीत ०.८ ग्रॅमऐवजी ८ ग्रॅम आलं असेल, तर दशांश चिन्हाचा ठिपका कॅमेऱ्याने गिळलाय. जिथे ठिपका टिकला नाही, तिथे अक्षरांतल्या आखूड रेघांचाही भरवसा नाही. मग यादीच्या दोन-दोन ओळींचाच जवळून वेगळा फोटो घ्यावा.