सासऱ्याचा ‘ह’ आणि सासूचा ‘ग’

जुन्या जर्मन भाषेत सासऱ्याला ‘स्वेहुर’ म्हणत आणि सासूला ‘स्विगर’. शब्दांची ही जोडी एकाच मुळातली, मग एकात ‘ह’ आणि दुसऱ्यात ‘ग’ का? याचं कारण जर्मन भाषेत कितीही खणलं तरी सापडत नव्हतं. सापडलं ते वेदातल्या उदात्त स्वरांत. दोन दूरदूरच्या भाषा एकाच पूर्वजाच्या लेकी आहेत हे भाषाशास्त्रज्ञ कसं दाखवतात, ते समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

सामान्यपणे आपण नुसतं साम्य बघतो. पितर आणि फादर, दन्त आणि डेंटल, झालं नातं सिद्ध! पण साम्य हा फार कच्चा पुरावा आहे. शब्द उसने घेतले जातात (‘डेंटल’ हा इंग्रजीने लॅटिनकडून घेतलेला माल आहे, तिचा स्वतःचा शब्द ‘टूथ’), आणि योगायोगही घडतात. भाषाशास्त्रज्ञ शोधतो तो फरक, आणि तो फरक नियमित आहे का हे पाहतो.

संस्कृत ‘पद’ आणि इंग्रजी ‘फूट’ घ्या. ‘पूर्ण’ आणि ‘फुल्ल’ घ्या, ‘पञ्च’ आणि ‘फाइव्ह’ घ्या. जिथे तिकडे प, तिथे इकडे फ. तसंच ‘त्रि’ला थ्री, ‘तनु’ला थिन, ‘तृषा’ला थर्स्ट: त चा थ. तिसरी रांग जराशी आडवळणाची आहे. मूळचा क लॅटिनमध्ये टिकला, संस्कृतात काही ठिकाणी त्याचा श झाला आणि इंग्रजी ज्यात येते त्या जर्मन घराण्यात ह. म्हणून शंभरासाठी लॅटिन ‘केंतुम’, संस्कृत ‘शत’, इंग्रजी ‘हंड्रेड’. कुत्र्याला संस्कृतात ‘श्वन्’, इंग्रजीत ‘हाउंड’. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने 1818 मध्ये या जुळण्या मांडल्या आणि 1822 मध्ये याकोब ग्रिमने त्यांना नियमाचं रूप दिलं.

नियम हाती आला की तो साम्याच्या विरोधातही निकाल देतो, आणि मला त्याची हीच बाजू सर्वांत पटते. जर्मन ‘हाबेन’ म्हणजे जवळ असणे. लॅटिन ‘हाबेरे’चा अर्थही तोच. कुणीही डोळे मिटून सांगेल की ही सख्खी भावंडं. पण जर्मन ह हा मूळच्या क मधून आलेला असतो, तेव्हा ‘हाबेन’चा लॅटिन भाऊ क ने सुरू व्हायला हवा. तो तसा आहेही: ‘कापेरे’, म्हणजे पकडणे. ‘हाबेरे’ मात्र हुबेहूब दिसूनही परका ठरतो.

अडचण वेगळीच होती. ग्रिमच्या नियमाला अपवाद होते, आणि तेही अगदी घरगुती शब्दांत. संस्कृत ‘भ्रातर्’मधल्या त चा थ व्हायला हवा, तर गॉथिक या जुन्या जर्मन कुळातल्या भाषेत ‘ब्रोथर’ मिळतो, ठीक. मग ‘पितर्’चा ‘फाथर’ व्हायला हवा. गॉथिकमध्ये मिळतो ‘फाडर’. आजच्या इंग्रजीत पाहाल तर फसाल, कारण तिथे दोन्ही शब्दांत आता एकच ध्वनी ऐकू येतो. तो सारखेपणा नंतरचा आहे. जुन्या इंग्रजीत भाऊ ‘ब्रोथोर’ होता आणि बाप ‘फॅडर’. त्या ड ची धार फार पुढे बोथट झाली. आजची जर्मन मात्र हा भेद पाळते: ‘ब्रुडर’मध्ये ड, तर ‘फाटर’ आणि ‘मुटर’मध्ये ट.

ही गाठ कार्ल व्हेर्नर या डॅनिश तरुणाने सोडवली. त्याचा लेख 1877 मध्ये छापून आला. दुपारी झोप यावी म्हणून त्याने तौलनिक व्याकरणाचं एक जाड पुस्तक उघडलं आणि समोरच्या पानावर ‘पितर्’ व ‘भ्रातर्’ हे शब्द स्वरचिन्हांसह दिसले, असं सांगतात. वैदिक संस्कृतात शब्दाच्या एका अक्षरावर उदात्त असतो, म्हणजे तिथे आवाज चढतो, आघात येतो. ‘भ्रातर्’मध्ये तो ‘भ्रा’वर आहे. ‘पितर्’ आणि ‘मातर्’मध्ये शेवटच्या ‘तर्’वर.

आता जर्मन रूपं शेजारी ठेवा. त च्या आधीच्या अक्षरावर उदात्त असेल तर ग्रिमचा थ जसाच्या तसा राहतो. तो तसा नसेल, तर शब्दाच्या मधला थ घोष होतो, म्हणजे गळ्यातल्या कंपनासह उच्चारला जाऊन ड च्या दिशेने सरकतो. सासूसासऱ्यांना हाच न्याय. ‘श्वशुर’मध्ये उदात्त पहिल्या अक्षरावर, म्हणून दुसऱ्या श च्या जागी ‘स्वेहुर’चा ह. ‘श्वश्रू’मध्ये तो शेवटी, म्हणून ‘स्विगर’चा ग. ग्रीकनेही साक्ष दिली: तिथे बाप म्हणजे ‘पातेर’, आघात शेवटी, आणि भावाचा सगोत्र शब्द ‘फ्रातेर’, आघात सुरुवातीला.

जर्मन भाषकांना हे कारण त्यांच्या भाषेत का दिसत नव्हतं, तेही आता उलगडतं. आधी ग्रिमचा बदल झाला. मग आघाताप्रमाणे व्यंजनं घोष झाली. त्यानंतर जर्मन कुळातल्या सगळ्या भाषांनी आघात उचलून शब्दाच्या पहिल्या अक्षरावर नेला, आणि कारण पुसलं गेलं. परिणाम तेवढा उरला, जसं भिंतीवरचं चित्र काढून नेल्यावर रंगाचा चौकोन उरतो. जिथे वेदपाठकांनी तो स्वर तोंडपाठ जपला, तिथे चित्र शाबूत होतं. जर्मन व्यंजनं एका स्वराने ठरावीत आणि तो स्वर हजारो किलोमीटर दूरच्या पाठात सापडावा, हे उसनवारीने होत नाही, कारण शब्द उसने घेता येतात, पण आपल्याकडून केव्हाच पुसला गेलेला आघात कोण उसना देणार? योगायोगाने एखादी जोडी जुळेल, पण शब्दामागून शब्द जुळत जाणार नाहीत.

या पद्धतीला मर्यादा आहेत. दर पिढीत काही जुने शब्द गळतात, आणि जुळवायला पुरेशा जोड्याच उरल्या नाहीत तर नियम कशाच्या बळावर मांडणार? बहुतेक अभ्यासक आठ-दहा हजार वर्षांपलीकडच्या नात्यांचे दावे म्हणूनच संशयाने बघतात. दुसरा शत्रू म्हणजे बोलणाऱ्यांची टापटिपीची आवड. माणसं एकाच शब्दाची वेगवेगळी रूपं सारखी करून टाकतात आणि नियमाच्या खुणा पुसतात.

इंग्रजीतलं ‘वॉज’ आणि ‘वेअर’ बघा. शाळेत आपण हे पाठ करतो आणि एकाच क्रियापदात स आणि र कुठून आले, असं कुणी विचारत नाही. मूळ धातूचं संस्कृत रूप ‘वस्’, म्हणजे राहणे. आपल्या ‘वस्ती’तही तोच आहे. याचं संस्कृतात एकवचनी भूतकाळी रूप ‘उवास’, उदात्त धातूवर. अनेकवचनी ‘ऊषुः’, उदात्त प्रत्ययावर. म्हणून व्हेर्नरच्या नियमाने इंग्रजीत एकवचनातला स टिकला आणि अनेकवचनातला स घोष होऊन पुढे र झाला. जर्मनमध्येही पूर्वी ‘वास’ आणि ‘वारुन’ अशी जोडी होती. पुढे लोकांनी एकवचनालाही र लावून ‘वार’ करून टाकलं. जुने लेख हाताशी नसते, तर नुसत्या आजच्या जर्मनवरून तिथे कधी स होता हे कळलंच नसतं.