दोन हजार मुलांचा डेटा, पण खरी माहिती किती जणांची?

समजा पुण्यातल्या ४० शाळा घेतल्या, कोथरूड, हडपसर, येरवडा, धनकवडी अशा सगळीकडच्या, आणि त्यातल्या २० शाळांत सातवीला गणित शिकवायची नवी पद्धत सुरू केली, बाकी २० मध्ये जुनीच ठेवली. कुठली शाळा कुठे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. प्रत्येक शाळेतली ५० मुलं, म्हणजे एकूण २०००. वर्षाच्या शेवटी सगळ्यांना १०० मार्कांचा एकच पेपर दिला आणि नव्या पद्धतीच्या मुलांची सरासरी ३ मार्कांनी जास्त आली. आकडे उदाहरणासाठी घेतलेत, कुठल्या सर्व्हेचे नाहीत.

आता हे ३ मार्क पद्धतीचे की योगायोगाचे? मार्कांचं स्टँडर्ड डेव्हिएशन २० धरलं तर साधं रिग्रेशन या फरकाची स्टँडर्ड एरर, म्हणजे या अंदाजातली अनिश्चितता, ०.९ च्या आसपास काढतं. दोन्ही बाजूंना साधारण दोन स्टँडर्ड एरर धरल्या तर खरा फरक सव्वा ते पावणेपाच मार्कांच्या मध्ये कुठेतरी असणार. शून्य त्यात येतच नाही, त्यामुळे पद्धत चालते असा रिपोर्ट तयार होतो.

पण हे गणित एका गोष्टीवर उभं आहे, की २००० मुलं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, आणि ती तशी नसतात. एका शाळेतल्या मुलांना गणिताचे सर तेच, बहुतेक मुलं आसपासच्याच वस्तीतली, क्लासही बऱ्याचदा एकच, त्यामुळे त्यांचे मार्क एकमेकांसारखे येतात. शितावरून भाताची परीक्षा होते ती त्या एका पातेल्याची, त्याच पातेल्यातली ५० शितं चाखली तरी शेजारच्या पातेल्याबद्दल काही कळत नाही.

हे सारखेपण मोजता येतं. मार्कांचा एकूण व्हेरियन्स म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन २० चा वर्ग, ४००, त्यातला ८० शाळा-शाळांमधल्या फरकाचा आणि ३२० शाळेच्या आतल्या मुला-मुलांमधला असं धरू. ८० भागिले ४०० म्हणजे ०.२, याला आयसीसी, म्हणजे इंट्राक्लास कोरिलेशन म्हणतात. ०.२ ऐकायला किरकोळ वाटतं पण परिणाम बघा: दोन सरासरींमधल्या फरकाचा व्हेरियन्स १ + (५० − १) × ०.२ = १०.८ पट फुगतो. २००० ला १०.८ ने भागा, साधारण १८५ उरतात. या प्रश्नापुरती आपल्याकडे जेमतेम १८५ स्वतंत्र मुलांइतकीच माहिती आहे! स्टँडर्ड एरर १०.८ च्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण ३.३ पट वाढून ०.९ ची २.९ होते आणि रेंज उणे ३ पासून अधिक ९ पर्यंत पसरते. पद्धतीने फायदा झाला असेल, तोटाही झाला असेल, या डेटातून सांगता येत नाही.

हे खरोखर घडलंय. १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये नेव्हिल बेनेट यांनी प्राथमिक शाळांमधल्या शिकवण्याच्या पद्धतींचा अभ्यास केला, पारंपरिक पद्धतीची मुलं पुढे असतात असा निष्कर्ष निघाला आणि त्यावर जोरदार चर्चा झाली. १९८१ मध्ये एटकिन आणि सहकाऱ्यांनी तोच डेटा मुलं वेगवेगळ्या वर्गांत विभागलेली आहेत हे धरून परत तपासला, तर ते ठळक फरक टिकले नाहीत.

यावर उपाय म्हणजे मल्टिलेव्हल मॉडेल. ते काय करतं, तर प्रत्येक शाळेला तिचा स्वतःचा वर-खाली सरकणारा पाया देतं आणि ते ८० नि ३२० डेटातूनच वेगवेगळे काढतं. आर मध्ये lme4 पॅकेज लोड केलं की लाइन एवढीच:

```r
lmer(marks ~ paddhat + (1 | school), data = d)
```

गरज आहे का हे बघायचं तर आधी साधं रिग्रेशन करा आणि उरलेल्या एररची शाळावार सरासरी काढा. काही शाळांची सरासरी बरीच वर आणि काहींची बरीच खाली दिसली तर शाळेचा हिस्सा बाहेर राहिलाय हे कळतं.

मुलं वाढवून हे सुटत नाही आणि मला वाटतं सर्व्हे आखणाऱ्यांनी सगळ्यात आधी हेच लक्षात घ्यावं. दर शाळेत ५० ऐवजी २०० मुलं घेतली, म्हणजे तब्बल ८०००, तरी स्टँडर्ड एरर २.९४ वरून २.८६ वर येते, बस. त्याऐवजी २००० च मुलं ठेवून ८० शाळांतून २५-२५ घेतली तर ती २.१५ होते. आणि शाळाच पाच-सहा असतील तर मॉडेललाही शाळांमधला फरक नीट मोजता येत नाही, पाच आकड्यांवरून व्हेरियन्स काढणार तरी कसा.

साधं रिग्रेशन दरवेळी याच दिशेने चुकतं असंही नाही. प्रत्येक शाळेतल्या निम्म्या मुलांना नवी पद्धत आणि निम्म्यांना जुनी दिली असती तर तुलना शाळेच्या आतच झाली असती, शाळेचा पाया दोन्हीकडे सारखा म्हणून वजा झाला असता, आणि पद्धतीचा परिणाम सगळ्या शाळांत सारखाच धरला तर खरी स्टँडर्ड एरर ०.८ आली असती. साधं रिग्रेशन तिथेही ०.९ च सांगतं, म्हणजे तिथे ते गरजेपेक्षा जास्त अनिश्चितता दाखवतं.