रिफंड गेटवेवर अडकतो तेव्हा: कमी शिल्लक, उलटलेली मुदत आणि पैसे परत करायची रीत

एका छोट्या सहल आयोजकाचं उदाहरण घेऊ. 27 डिसेंबरला निघणाऱ्या केरळ सहलीचं बुकिंग मे महिन्यात सुरू झालं. माणशी 18,500 रुपये, सगळे पेमेंट लिंकवरून घेतलेले. एकूण नऊ जणांनी पैसे भरले. पुरेशी माणसं जमली नाहीत म्हणून 10 डिसेंबरला सहल रद्द झाली आणि आयोजकाने त्याच संध्याकाळी डॅशबोर्ड उघडून एकेकाचा रिफंड टाकायला घेतला. पहिले दोन गेले. तिसरा गेला नाही, चौथाही नाही. शेवटच्या दोघांच्या रिफंडवर तर वेगळाच संदेश आला. बँकेच्या चालू खात्यात तीन लाख रुपये पडलेले असताना असं का व्हावं, हे त्याला कळेना.

इथे दोन वेगळ्या अडचणी एकाच वेळी आल्या आहेत, आणि दोन्हींवरचे उपाय अगदी निराळे आहेत. म्हणून आधी कुठला रिफंड कशामुळे अडला ते वेगळं करायचं.

पैसे बँकेत आहेत, गेटवेवर नाहीत

ग्राहकाने भरलेले पैसे थेट तुमच्या बँक खात्यात येत नाहीत. ते आधी गेटवे, म्हणजे तुमच्या वतीने ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीच्या एस्क्रो खात्यात जमतात. गेटवे आपलं शुल्क कापून घेतं आणि साधारण दोन कामकाजाच्या दिवसांत उरलेली रक्कम तुमच्या खात्यात पाठवतं. यालाच सेटलमेंट म्हणतात. रिफंड जातो तो सेटलमेंट व्हायची राहिलेल्या शिल्लकेतून. एकदा सेटलमेंट झाली की ते पैसे तुमचे, आणि तुमच्या चालू खात्याला गेटवे हात लावू शकत नाही.

आयोजकाच्या गेटवेवर त्या संध्याकाळी 45,750 रुपये होते, तेही दुसऱ्या एका सहलीच्या ताज्या बुकिंगचे. त्यातून दोन रिफंड म्हणजे 37,000 गेले आणि 8,750 उरले. तिसऱ्याला लागणार 18,500. तो अडणारच होता.

स्वतःच्या प्रोग्रॅममधून, म्हणजे एपीआयने रिफंड टाकणाऱ्यांना रेझरपेसारख्या गेटवेवर हे उत्तर असं दिसतं:

```
"code": "BAD_REQUEST_ERROR",
"description": "Your account does not have enough balance to carry out the refund operation."
```

वरचा कोड वाचून पुष्कळजण आपला प्रोग्रॅम तपासत बसतात. दोष तिथे नसतो. खालची ओळ वाचायची: शिल्लक कमी आहे, एवढंच ती सांगते.

हंगामी धंद्यात हा प्रकार फार दिसतो. आंब्याचं आगाऊ बुकिंग, शिबिरं, सहली, दिवाळी फराळ, सगळीकडे पैसे एकदम येतात, सेटल होऊन जातात, आणि परत करायची वेळ येते तेव्हा नवी वसुली थांबलेली असते. गेटवेवरची शिल्लक आपोआप भरायला येणारे पैसेच नसतात.

यात आणखी एक बारीक खड्डा आहे. शुल्क 2 टक्के धरलं तर 18,500 वर 370 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 66.60, म्हणजे आयोजकाच्या हाती 18,063.40 आले. ग्राहकाला मात्र पूर्ण 18,500 परत जातात आणि बहुतेक करारांत कापलेलं शुल्क परत मिळत नाही. त्यामुळे "जेवढे आले तेवढेच परत करू" असा हिशेब धरणारा प्रत्येक ग्राहकामागे 436.60 रुपयांनी कमी पडतो. पैसे भरताना हा फरक धरून भरायचे.

शिल्लक भरायची कशी

गेटवेच्या डॅशबोर्डवर पैसे भरायची सोय असते. बहुधा तुमच्या नावाचा एक आभासी खाते क्रमांक मिळतो, त्यावर एनईएफटी, आरटीजीएस किंवा आयएमपीएसने रक्कम पाठवायची. गेटवेकडे नोंदवलेल्या बँक खात्यातूनच पाठवा, नाहीतर पैसे कोणाचे हे पटवण्यातच वेळ जातो. काही गेटवेंवर रिफंडसाठी वेगळी राखीव शिल्लक ठेवता येते. ती सोय असेल तर पैसे तिकडेच भरा. साध्या शिल्लकेत भरलेली रक्कम तुम्ही रिफंड टाकायच्या आधीच पुढच्या सेटलमेंटबरोबर परत बँकेत निघून जाऊ शकते. सेटलमेंट थोडे दिवस रोखून धरायची विनंतीही करता येते, पण त्यासाठी नवी वसुली चालू असावी लागते.

आपल्या आयोजकाचे शिल्लकेअभावी अडलेले रिफंड पाच. त्यांना हवेत 92,500. गेटवेवर 8,750 आहेत. म्हणजे 83,750 भरले की पाचही जातात. तोवर कोणाची फारच निकड असेल तर 8,750 चा अंशतः रिफंड टाकून उरलेले 9,750 नंतर पाठवता येतात. मात्र ग्राहकाला हे आधी सांगा, नाहीतर अर्धे पैसे बघून तो घाबरतो.

पैसे भरल्यावर लगेच पुन्हा बटण दाबायच्या आधी जुन्या विनंतीची स्थिती बघा. शिल्लक कमी असेल तर काही गेटवे विनंती सरळ नाकारतात. काही मात्र ती रांगेत ठेवतात आणि पैसे आले की आपणहून पाठवतात. नाकारली असेल तरच नवी टाकायची. रांगेत असेल तर थांबायचं. ही चूक महाग पडते, त्याबद्दल पुढे सांगतो.

मुदत उलटली असेल तर

शेवटच्या दोघांनी 24 मे रोजी पैसे भरले होते. 10 डिसेंबरला त्याला बरोबर 200 दिवस झाले. बहुतेक भारतीय गेटवेंवर मूळ व्यवहाराला जोडलेला रिफंड सुमारे सहा महिने, म्हणजे 180 दिवसांपर्यंतच टाकता येतो. त्यानंतर बँका जुना व्यवहार रिफंडसाठी उघडत नाहीत, आणि मधल्या काळात ग्राहकाचं कार्डही बदललेलं असू शकतं. नेमके दिवस पेमेंटच्या प्रकारावर आणि बँकेवर ठरतात. म्हणून आपल्या करारातला आकडा एकदा पाहून ठेवा.

मुदत मोजायची ती पैसे भरल्याच्या तारखेपासून. सहलीच्या तारखेपासून नाही, रद्द केल्याच्या तारखेपासूनही नाही. "प्रवासाच्या 15 दिवस आधीपर्यंत पूर्ण परतावा" हा तुमचा ग्राहकाला दिलेला शब्द आहे आणि तो मुदत उलटली म्हणून संपत नाही. संपतो तो फक्त गेटवेचा रस्ता. आमच्या आयोजकासाठी 13 जूनच्या आधीचं प्रत्येक बुकिंग त्या दिवशी बाद होतं. सहा महिने आधीपासून आगाऊ घेणाऱ्याने रद्द करायचा निर्णय या तारखा समोर ठेवूनच घ्यावा. सहल होण्याची शक्यता डळमळीत दिसली तेव्हाच, नोव्हेंबरच्या मध्यात, या दोघांचे पैसे परत केले असते तर ते नेहमीच्या वाटेने गेले असते.

अशा रिफंडसाठी गेटवेत कितीही पैसे भरले तरी उपयोग नाही. रक्कम ग्राहकाच्या बँक खात्यात किंवा यूपीआय आयडीवर थेट पाठवावी लागते. इथे नियम लक्षात ठेवायचा. रिझर्व्ह बँकेच्या पेमेंट अ‍ॅग्रीगेटर मार्गदर्शक सूचनांनुसार पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत जायचे असतात. दुसरा मार्ग घ्यायचा तर ग्राहकाची स्पष्ट संमती हवी.

ग्राहकाकडून काय घ्यायचं, काय मागायचं नाही

संमती ईमेलवर घ्या. त्यात पेमेंट आयडी, भरल्याची तारीख, रक्कम, "मूळ मार्गाने रिफंड होत नसल्याने खालील खात्यात रक्कम स्वीकारतो आणि या व्यवहाराबाबत बँकेकडे वेगळी तक्रार करणार नाही" हे वाक्य, खातेदाराचं नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी एवढं पुरे. मेल बुकिंगच्या वेळी दिलेल्या पत्त्यावरूनच आली पाहिजे. खातेदाराचं नाव पैसे भरणाऱ्याच्या नावाशी जुळतं का ते पाहा. जुळत नसेल तर रद्द केलेला चेक किंवा पासबुकाचं पहिलं पान मागा, आणि एक रुपया पाठवून नाव तपासा. भावाच्या खात्यात द्या, मित्राच्या द्या, अशा विनंत्या येतात. त्या मान्य केल्या तर मूळ माणूस उद्या बँकेत चार्जबॅक, म्हणजे पैसे परत मिळवायची तक्रार, टाकू शकतो आणि तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही.

ओटीपी, यूपीआय पिन, कार्डाचा पूर्ण क्रमांक यातलं काहीही मागू नका. पैसे मिळण्यासाठी पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. "रिफंड अडकलाय" म्हणून फोन करणारे भामटे याच गोष्टी मागतात, आणि तुमच्या ग्राहकाला ही ओळ तुमच्याच तोंडून ऐकायला मिळाली पाहिजे.

आता ती महाग चूक. थेट पैसे पाठवण्याआधी गेटवेवरची जुनी विनंती "फेल्ड" दाखवते, "पेंडिंग" नाही, याची खात्री करून घ्या आणि पडद्याचा फोटो ठेवा. रांगेतली विनंती तशीच राहिली, इकडे तुम्ही एनईएफटी केली आणि दोन दिवसांनी गेटवेत शिल्लक आली, तर 18,500 दुसऱ्यांदा जातात. गेलेला रिफंड गेटवे परत बोलावत नाही. मग ग्राहकाच्या भलेपणावर सगळं.

ग्राहक असाल तर

बँकेत जाऊन विचारण्याआधी विक्रेत्याकडे संदर्भ क्रमांक मागा. कार्डाच्या रिफंडला 23 अंकी एआरएन असतो, यूपीआयच्या व्यवहाराला 12 अंकी आरआरएन. रिफंड नुकताच सुटला असेल तर क्रमांक यायला एक-दोन दिवस लागतात, तेवढं थांबा. त्यानंतरही क्रमांक देता येत नसेल तर रिफंड बहुधा गेटवेतून बाहेरच पडलेला नाही, आणि बँकेत हेलपाटे घालून तिथे काहीच सापडणार नाही. क्रमांक मिळाला की मात्र पाच ते सात कामकाजाचे दिवस द्या आणि मग तो क्रमांक घेऊन बँकेत जा.

विक्रेता "गेटवे घेत नाही" एवढंच म्हणत असेल तर वर सांगितलेली संमतीची मेल तुम्हीच पाठवा. ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे मान्य केलेला परतावा वाजवी मुदतीत देणं विक्रीस्थळावर बंधनकारक आहे. त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि एका महिन्यात निकाल द्यायचा असतो. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

हिशेबात नोंद

आयोजकाने 11 डिसेंबरला सकाळी 83,750 भरले आणि दुपारपर्यंत पाचही रिफंड सुटले. दोघांच्या मेल संध्याकाळपर्यंत आल्या. 12 तारखेला त्यांना एनईएफटी गेली, आणि व्यवहाराच्या तपशिलात पेमेंट आयडीचे शेवटचे सहा अंक लिहिले. गेटवेच्या अहवालात ही दोन पेमेंटं कायम "रिफंड न झालेली" दिसणार आहेत, म्हणून दोन्ही क्रेडिट नोटांना संमतीची मेल आणि बँकेचा यूटीआर, म्हणजे एनईएफटीचा संदर्भ क्रमांक, जोडून ठेवला. मार्चमध्ये लेखापाल विक्री आणि परतावे जुळवायला बसेल तेव्हा 37,000 चा फरक तिथेच सापडेल.