ईजीआर बंद करून द्या, असं सांगण्याआधी

डिझेल गाडी घेऊन आमच्या वागळे इस्टेटच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या ग्राहकांकडून एक मागणी वरचेवर होते: "तेवढा ईजीआर बंद करून टाका, पत्रा बसवा, म्हणजे कटकट संपली." आम्ही ते काम करत नाही. का करत नाही, हे गर्दीच्या वेळी काउंटरवर नीट सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिलं आहे.

ईजीआर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातला काही भाग परत इंजिनात सोडणारी व्यवस्था. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून निघालेल्या नळीवर एक झडप असते, आणि बहुतेक नव्या गाड्यांत कूलंटने धूर थंड करणारा कूलर असतो. तिथून हा धूर ताज्या हवेत मिसळून सिलिंडरमध्ये जातो. ग्राहक म्हणतात तो पत्रा ही धुराची वाट कायमची बंद करतो. बाहेर टाकलेली घाण पुन्हा आत का घ्यायची, हा प्रश्न अगदी रास्त आहे.

आपण श्वासात घेतो त्या हवेत साधारण 78 टक्के नायट्रोजन आणि 21 टक्के ऑक्सिजन असतो. एरवी हे दोघे एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, कारण नायट्रोजनच्या दोन अणूंची पकड फार घट्ट असते. सिलिंडरमधल्या ज्वालेचं तापमान मात्र दोन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. तिथे ही पकड सुटते आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. म्हणजे हा वायू डिझेलमधून येत नाही, हवेतूनच तयार होतो. त्यामुळे कितीही चांगलं डिझेल भरलं तरी तो टळत नाही. साधारण दीड हजार अंशांच्या वर तो झपाट्याने वाढतो, आणि ज्वाला थोडी जरी निवली तरी तितक्याच ठळकपणे घटतो.

ज्वाला निवते कशी, याचा हिशेब सोपा आहे. डिझेल जळायला ऑक्सिजन लागतो, पण तो एकटा येत नाही. साध्या हवेत ऑक्सिजनच्या एका भागामागे इतर वायूंचे पावणेचार भाग असतात. ते जळत नाहीत, फक्त तापतात. आता गाडी कमी लोडवर चालली आहे आणि धुरात अजून 15 टक्के ऑक्सिजन शिल्लक आहे, असं धरू. सिलिंडरमध्ये 70 टक्के ताजी हवा आणि 30 टक्के हा धूर गेला, तर मिश्रणात ऑक्सिजन 19.2 टक्के उरतो. मग ऑक्सिजनच्या एका भागामागे इतर वायू 4.2 भाग होतात. डिझेल तेवढंच, त्यातून निघणारी उष्णता तेवढीच, पण तापवायचा पसारा वाढला. चहाच्या आधणात वाटीभर पाणी जास्त पडलं की तेवढ्याच गॅसवर ते कमी तापतं, तसंच हे. धुरातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जास्त उष्णता शोषतात, त्याचीही थोडी भर पडते. पण डिझेल इंजिनात मुख्य काम होतं ते ऑक्सिजन विरळ झाल्यामुळे.

याची किंमतही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. ऑक्सिजन कमी झाला की काजळी वाढते. म्हणून इंजिनाचा कंट्रोलर प्रसंग पाहून झडप उघडतो. कमी लोडवर धुराचं प्रमाण जास्त ठेवतो. घाट चढताना किंवा पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर झडप जवळजवळ बंद करतो, कारण तेव्हा हवेचा प्रत्येक घोट ताकदीसाठी लागतो. "ईजीआरमुळे गाडीची ताकद जाते" असं जे म्हणतात, ते नीट चालणाऱ्या झडपेबद्दल खरं नाही. ताकद जाते ती झडप अडकली की.

आमच्याकडे आलेल्या एका गाडीचंच पाहा. 2017 सालची सात आसनी बीएस-4 डिझेल, 92 हजार किलोमीटर चाललेली. मालक कासारवडवलीला राहतात, कामाला वागळे इस्टेटला. रोज घोडबंदर रोडवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जाणं. तक्रार अशी, की सिग्नलला इंजिन थरथरतं आणि गायमुखचा चढ घेताना पिकअप नाही, मागे काळा धूर. त्यांनाही कुणीतरी पत्रा बसवायचा सल्ला दिला होता.

स्कॅनर लावला तर कोड होता P0402, म्हणजे धूर गरजेपेक्षा जास्त येतोय. कंट्रोलर झडप पूर्ण बंद ठेवायला सांगत होता, पण झडप 18 टक्के उघडी दिसत होती. काढून पाहिली तर झडप बंद होताना जिथे टेकते त्या सीटवर ओला, चिकट कार्बन, पापडाएवढा जाड थर. कोरड्या काजळीचा असा गोळा होत नाही. तिला तेल मिळालं की होतो. तेल येत होतं क्रँककेसच्या ब्रीदर पाइपातून, तिथला तेल अडवणारा सेपरेटर भरला होता. नुसती झडप धुऊन दिली असती तर वर्षभरात तीच तक्रार परत आली असती. आम्ही सेपरेटर बदलला, झडप आणि मॅनिफोल्डचं तोंड क्लीनरने साफ केलं (सीटवर पत्र्याने खरवडत नाही, चरा पडला की झडप कायमची गळते), नवं गॅस्केट बसवलं आणि स्कॅनरवरून झडपेला बंद स्थिती पुन्हा शिकवली. ही शेवटची पायरी वगळली तर साफ झडपही चुकीचं वागते.

पत्रा बसवला असता तरीही काळा धूर गेला असता आणि पिकअप आला असता. म्हणूनच हा उपाय लोकांना पटतो. पीयूसीतही गाडी पास होते, कारण डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत. हा वायू नळीतून निघताना डोळ्यांना दिसत नाही. धूर स्वच्छ दिसतो आणि आत तोच वायू वाढलेला असतो. पुढे त्याचा काही भाग नायट्रोजन डायऑक्साइड होतो, तो श्वासनलिकेला झोंबतो, आणि उन्हात त्यातून जमिनीलगतचा ओझोन बनतो. माजिवड्याच्या सिग्नलला आपल्या शेजारी शाळेची बस उभी असते, हे आम्हाला विसरता येत नाही. डिझेल कारसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा बीएस-4 मध्ये किलोमीटरला 250 मिलिग्रॅम होती, बीएस-6 मध्ये ती 80 वर आली. पत्रा बसवलेली गाडी त्या आकड्याच्या आसपासही राहत नाही.

झडप बंद अवस्थेत अडकली तर उलट होतं. चालवताना फारसं काही कळत नाही, फक्त चेक इंजिनचा दिवा लागतो आणि कोड बहुधा P0401 असतो. "गाडी तर छान पळतेय" म्हणून हा दिवा दुर्लक्षित राहतो. तसं करू नका. आणि कूलंट कमी होतंय, खाली कुठे थेंब नाही, सकाळी पांढरा धूर बराच वेळ राहतो, असं असेल तर कूलर आतून फुटल्याची शंका घ्या आणि गाडी लगेच दाखवा.

आठवड्यातून एकदा नाशिक हायवेवर अर्धा तास एका लयीत गाडी चालवली तर नवा थर जमायचा वेग कमी होतो. बसलेला जाड थर मात्र त्याने निघत नाही, तो हातानेच काढावा लागतो. बीएस-6 गाडीत अडकलेल्या झडपेमुळे वाढलेली काजळी एक्झॉस्टमधल्या काजळी गाळणाऱ्या फिल्टरमध्ये साठते, म्हणून तिथे उशीर जास्त महागात पडतो.

येताना एवढं आठवून या: धूर काळा की पांढरा, इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर, दिवा कधीपासून लागलाय, आणि शेवटचं ऑइल कोणत्या ग्रेडचं घातलं होतं. झडप काढली की आम्ही ती तुमच्यासमोर ठेवतो. स्कॅनरवरचे आधीचे आणि नंतरचे आकडे बिलासोबत मिळतात.