यूट्यूबवर पिवळे चिन्ह आले तर: पुनर्तपासणीसाठी पात्रता, तयारी आणि अर्ज

व्हिडिओसमोर पिवळे डॉलर चिन्ह आणि `Limited or no ads` असे दिसले की जाहिराती कमी होतात किंवा थांबतात. हा निर्णय चुकीचा वाटला तर यूट्यूबकडे पुनर्तपासणी मागता येते. पुनर्तपासणी जाहिरातींच्या कमाईशी निगडित असल्याने चॅनेलवर जाहिरातींची कमाई सुरू असावी लागते. त्यासाठी 1,000 सबस्क्रायबर आणि मागच्या 12 महिन्यांत 4,000 तासांचा सार्वजनिक वॉचटाइम, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज लागतात.

अर्ज करण्याआधी शीर्षक, थंबनेल, वर्णन आणि टॅग नीट तपासा. निर्णय फक्त दृश्यांवर होत नाही, या चारही गोष्टी पाहिल्या जातात. समजा, सर्पदंशाच्या प्रथमोपचारावर व्हिडिओ आहे आणि शीर्षक आहे ‘साप चावला अन् तडफडून मृत्यू! रक्ताच्या उलट्या’. आत फक्त पाय स्थिर कसा ठेवायचा हे दाखवले असले, तरी शीर्षक मृत्यू आणि रक्त विकते आहे. त्याऐवजी ‘सर्पदंश झाल्यावर दवाखान्यात पोहोचेपर्यंत काय करावे’ असे लिहा. थंबनेलवरचा जखमेचा क्लोजअप काढा, आणि वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींतच हा माहितीपर व्हिडिओ आहे, त्यात काय शिकवले आहे, ते सांगा. शैक्षणिक संदर्भ जिथे स्पष्ट असतो, तिथे वयोमर्यादेच्या निर्णयातही तो विचारात घेतला जातो. मात्र खरोखर भीषण दृश्य असेल तर सौम्य शब्दांनी ते झाकले जात नाही. वर्णनात टॅगांची रास ओतणेही टाळा, ते स्पॅम धोरणात बसते.

हे सगळे झाल्यावरच यूट्यूब स्टुडिओत कंटेंटमध्ये जाऊन पिवळ्या चिन्हावर माउस न्या आणि `Request review` निवडा. मग माणूस व्हिडिओ पाहून निर्णय देतो. एका व्हिडिओसाठी ही संधी एकदाच मिळते, म्हणून घाईने बटण दाबू नका. व्हिडिओ डिलीट करून पुन्हा टाकण्याचाही उपयोग नाही. वयोमर्यादेविरुद्धचे अपील वेगळे असते, तेही एकदाच करता येते.

कॉपीराइट दाव्याचा मार्ग निराळा. कंटेंट आयडी ही यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा ध्वनी आणि चित्र जुळवते, त्यामुळे ‘कॉपीराइटचा हेतू नाही’ ही वर्णनातली ओळ काहीच वाचवत नाही. गाण्याचे नाव शीर्षकातून काढले तरी दावा राहतो. आक्षेप घ्यायचा तर हातात परवाना हवा: संगीत कोठून घेतले, कोणत्या अटींवर, पावती किंवा परवानगीचा ईमेल. स्टुडिओतून आक्षेप नोंदवल्यावर दावेदाराला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात. कागद नसेल तर तो भाग कापा, किंवा संगीत बदला.

नवा व्हिडिओ टाकताना तो आधी खाजगी ठेवा आणि `Checks` टप्पा पूर्ण होऊ द्या. दावा असेल तर तो तिथेच कळतो, प्रेक्षक येण्याआधी.