तिरक्या आयताकृती गेटवरचं पाण्याचं बल आणि दाबकेंद्र

पाणी अडवणारं सपाट आयताकृती गेट तिरकं बसवलेलं असेल तर त्याच्यावर पाण्याचा एकूण जोर किती आणि तो जोर गेटवर नेमका कुठे लागतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जिथे लागतो त्या बिंदूला दाबकेंद्र म्हणतात, कॉलेजात सगळे सेंटर ऑफ प्रेशरच म्हणतात. पहिला प्रश्न सोपा आहे, गडबड होते ती दुसऱ्यात, आणि बिजागरी कुठे बसवायची, गेट बंद ठेवायला किती ताकद लागेल हे सगळं या दुसऱ्यावरच ठरतं.

एक गेट धरू. रुंदी १.५ मीटर, उतारावर मोजलेली लांबी ४ मीटर, आडव्या पातळीशी ३० अंशांचा कोन, वरची कड पाण्याखाली १ मीटर, तिच्या वर काँक्रीटची भिंत आणि पलीकडे कोरडं. ३० अंशांमुळे उतारावरचे ४ मीटर म्हणजे खोलीत फक्त २ मीटर, म्हणून खालची कड ३ मीटर खोल. पाण्याचा दाब दर मीटर खोलीला चौरस मीटरमागे साधारण १ टन वाढतो आणि तो फक्त उभ्या खोलीवर ठरतो, गेट किती कललंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तिरकेपणाने फक्त दिशा बदलते, कारण दाब नेहमी पृष्ठभागाला काटकोनातच लागतो. हवेचा दाब दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणून तो सोडून द्यायचा.

मधोमध खोली २ मीटर, म्हणजे सरासरी दाब २ टन, क्षेत्रफळ ६ चौरस मीटर, एकूण बल १२ टन (साधारण ११८ किलोन्यूटन). झालं.

पण हे १२ टन मध्यावर लागत नाहीत, कारण खालच्या अर्ध्या भागावर दाब जास्त आहे. दाबाचे दोन भाग करा म्हणजे चित्र स्पष्ट होतं. वरच्या कडेवर जो १ टन आहे तो सगळ्या गेटवर सारखा पसरलेला धरा, त्याचे ६ टन, आणि ते मध्यावर म्हणजे वरच्या कडेपासून २ मीटरवर लागतात. उरलेला दाब वर शून्य आणि खाली २ टन असा त्रिकोणी, त्याचेही ६ टनच, पण ते दोन तृतीयांश लांबीवर म्हणजे २.६७ मीटरवर. दोघांचा मिळून मध्य येतो २.३३ मीटर, हेच दाबकेंद्र. सूत्राने तेच एका ओळीत येतं:

```
y_cp = y_c + L²/(12·y_c)
```

इथे L म्हणजे गेटची उतारावरची लांबी, y_c म्हणजे गेटच्या मध्याचं आणि y_cp म्हणजे दाबकेंद्राचं अंतर. y उतारावरूनच मोजायचं, तेही पाण्याच्या पातळीपासून. मध्याची खोली २ मीटर आणि ३० अंशांचा साइन ०.५, म्हणून y_c म्हणजे २ ÷ ०.५ = ४ मीटर, आणि मध्यापासून पुढची वाढ १६ ÷ ४८ = ०.३३ मीटर. बहुतेकांचं इथेच चुकतं, y_c च्या जागी उभी खोली २ टाकतात आणि वाढ ०.६७ येते, म्हणजे दाबकेंद्र वरच्या कडेपासून २.६७ वर. हे चूक आहे हे ओळखता येतं, कारण २.६७ हे उत्तर पाणी बरोबर वरच्या कडेपर्यंतच असेल तेव्हाचं आहे, इथे वर १ मीटर पाणी असल्याने ते मध्याच्या जवळ सरकलेलंच असायला हवं. पाणी वाढेल तसं ते आणखी सरकतं: वरची कड १० मीटर खोल असेल तर बल ६६ टन होतं, पण मध्यापासूनचं अंतर जेमतेम ६ सेंटिमीटर उरतं.

बिजागरी वरच्या कडेला असेल तर खालची कड काटकोनात दाबून धरायला १२ × २.३३ ÷ ४ = ७ टन लागतात, बाकीचे ५ बिजागरीवर.

आता मला या विषयात सगळ्यात आवडणारी गोष्ट. दाबकेंद्र पाण्याबरोबर वर सरकतं, मग बिजागरी मुद्दाम खालच्या कडेपासून १.६७ मीटरवर बसवली तर? पाणी वरच्या कडेच्या वर १ मीटरपेक्षा कमी असेपर्यंत दाबकेंद्र बिजागरीच्या खाली राहतं आणि खालची कड अडणीवर घट्ट दाबली जाते, १ मीटर ओलांडलं की ते बिजागरीच्या वर जातं आणि गेट आपोआप उलटायला लागतं, मोटर नको की माणूस नको. प्रत्यक्षात गेटचं स्वतःचं वजनही धरावं लागतं: वरची कड कोरड्या बाजूला कललेली असेल तर वजनाचा मध्य बिजागरीच्या वर पडतो आणि गेट ठरलेल्या पातळीच्या आधीच उघडतं, उलट सीलचं आणि बिजागरीचं घर्षण ते उशिरा उघडवतं. आणि एकदा फट पडून पाणी वाहायला लागलं की कडेजवळचा दाब पडतो, तिथून पुढे हा स्थिर पाण्याचा हिशोब चालत नाही.