खराब आवाज आणि तुटक आवाज: कोडेक आणि जिटर यांची गल्लत

ऑफिसातल्या इंटरनेट फोनवर आवाज तुटायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो: कोडेक बदलून बघा. दुसराही ठरलेला: कॉल जोडणाऱ्या निरोपांत हात घालणारी SIP ALG ही राउटरमधली सोय बंद करा. दोन्ही करून झालं तरी आवाज तुटतच असेल, तर कनेक्शन मोठं घ्या. हे तिन्ही सल्ले पाळून कंटाळलेली ऑफिसं मी बरीच पाहिली आहेत. मुळात आवाज खराब असणं आणि आवाज तुटणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्यांची कारणं वेगळी आहेत आणि उपायही.

कोडेक म्हणजे काय ते बहुतेकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात सांगतो. बोललेल्या आवाजाचे आकडे करण्याची ती पद्धत. G.711 हा कोडेक आवाज जवळपास जसाच्या तसा पाठवतो आणि सेकंदाला ६४ किलोबिट घेतो. G.729 तोच आवाज दाबून ८ किलोबिटांत बसवतो. ओपस गरजेप्रमाणे कमीजास्त करतो. कोडेक किती दाबतो यावर आवाज भरदार लागतो की बसका, एवढं ठरतं. हा फरक कॉलच्या पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सारखाच राहतो.

जिटरचं तसं नाही, आणि खरी गल्लत इथेच होते. फोन तुमचा आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापतो, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट निघतात, अगदी घड्याळाच्या ठोक्यावर. पलीकडच्या फोनला ती त्याच ठोक्यावर हवी असतात, कारण त्याला आवाज सलग वाजवायचा असतो. सगळी पॅकेट्स सारखीच उशिरा पोचली तर काही बिघडत नाही, संभाषण थोडं मागून येतं इतकंच. पण एक २० मिलिसेकंदांत पोचलं, पुढचं १८० मध्ये आणि त्यापुढचं ४० मध्ये, तर ताल मोडतो. उशिरातला हा चढउतार म्हणजे जिटर. तो झेलण्यासाठी पलीकडचा फोन आलेली पॅकेट्स थोडा वेळ धरून ठेवतो आणि मग वाजवतो. या साठ्याला जिटर बफर म्हणतात. समजा तो ६० मिलिसेकंदांचा आहे. त्याहून जास्त रखडलेलं पॅकेट आलं, तोवर त्याची वाजण्याची वेळ निघून गेलेली असते. फोन ते टाकून देतो. पॅकेट हरवलेलं नसतं, नीट पोचलेलं असतं, तरी ऐकणाऱ्याला ते गेलेलंच.

म्हणून जिटरने आवाज बसका होत नाही, अक्षरं गळतात. ‘उद्या सकाळी पाठवतो’ मधलं ‘सका’ जातं आणि पुढचं वाक्य स्वच्छ ऐकू येतं. काही फोन गळलेली जागा आधीच्या आवाजाची नक्कल करून भरतात, त्यामुळे मध्येच यंत्रासारखा सूर लागतो. तो ऐकून लोक कोडेकवर ठपका ठेवतात. साधी खूण लक्षात ठेवा: दोष कॉलभर एकसारखा असेल तर कोडेककडे बघा, येऊन जाऊन असेल तर वेळेकडे बघा.

एका ऑफिसचं उदाहरण घेतो. आठ टेबलफोन, अपलोड १० मेगाबिट. तक्रार अशी: दुपारी चारनंतर आमचा आवाज ग्राहकांना तुटतो, त्यांचा मात्र आम्हाला स्वच्छ येतो. या वाक्यातच अर्धं निदान आहे. बिघाड फक्त बाहेर जाणाऱ्या दिशेला आहे, म्हणजे अपलोडमध्ये कोणीतरी वाट अडवतंय. मी पोचण्याआधी तिथल्या माणसाने सगळे फोन G.711 वरून G.729 वर नेले होते. आवाज बसका झाला आणि तुटायचा तो तुटतच राहिला.

असं का झालं याचा हिशेब मांडण्यासारखा आहे. प्रत्येक पॅकेटवर आवाजाशिवाय पत्त्यांचं वेष्टणही असतं, त्यामुळे वायरवर G.711 चा एक कॉल एका दिशेला सुमारे ८७ किलोबिट घेतो आणि G.729 चा ३१. आठही फोन एकदम चालू धरले तरी सुमारे ७०० किलोबिटांवरून २५० वर आलो. दहा मेगाबिटांच्या वाटेवर ही बचत किरकोळ आहे. पण बचत मोठी असती तरी फरक पडला नसता. दुपारी चारला तिथल्या संगणकांचा बॅकअप सुरू व्हायचा. बॅकअपसारखी मोठी फाइल जेवढी वाट मोकळी मिळेल तेवढी घेते, त्यामुळे वाचवलेले साडेचारशे किलोबिट तिनेच खाल्ले. मोडेमच्या तोंडाशी रांग होती तशीच राहिली. रांगेतली जागा ५१२ किलोबाइट असेल, तर १० मेगाबिटांच्या वेगाने ती रिकामी व्हायला सुमारे ४०० मिलिसेकंद लागतात. आणि ती एका लांबीची राहत नाही. बॅकअप वेग वाढवतो, रांग भरते, पॅकेट्स गळतात, बॅकअप दचकून मागे सरतो, रांग ओसरते, पुन्हा भरते. आवाजाचं चिमुकलं पॅकेट याच रांगेत उभं असतं. त्यात आवाजाचे २० बाइट असोत की १६०, पॅकेटच्या पुढे उभ्या असलेल्या मोठ्या पॅकेटांची संख्या बदलत नाही.

हे डोळ्यांनी बघता येतं. लिनक्सवर, आपल्या फोनसेवेच्या सर्व्हरचा पत्ता घालून:

```
ping -i 0.2 -c 100 203.0.113.10
```

शेवटच्या ओळीत min/avg/max/mdev असे चार आकडे येतात. लोक avg बघून समाधान मानतात. बघायचे ते max आणि mdev, म्हणजे सगळ्यात मोठा उशीर आणि उशिरातला चढउतार. त्या ऑफिसात सकाळी उत्तरं १८ ते २२ मिलिसेकंदांत यायची, बॅकअप चालू असताना ती १८ पासून ३९० पर्यंत कुठेही उडायची. हाच पिंग आधी स्वतःच्या राउटरला मारून बघा. तिथेच आकडे उडत असतील तर दोष बाहेरच्या वाटेचा नाही, बहुधा वायफायचा आहे. टेबलफोन वायफायवर चालवू नयेत असं माझं ठाम मत आहे. वायर ओढा.

स्पीड टेस्टमध्ये यातलं काहीच दिसत नाही. ती वाट किती रुंद आहे ते सांगते, वाटेवर किती ताटकळावं लागतं ते सांगत नाही. दहाच्या दहा मेगाबिट मिळत असताना आवाज तुटू शकतो, म्हणून स्पीड टेस्टचा फोटो पाठवून ‘नेट तर ठीक आहे’ म्हणू नका.

पॅकेट्स पकडून दाखवणारं वायरशार्क वापरणाऱ्यांची एक चूक नेहमी होते. आवाजाच्या प्रवाहांच्या, म्हणजे RTP Streams च्या तक्त्यात Max Jitter बघायचं हे बरोबर. पण आपल्याच ऑफिसात पकडलेला, बाहेर जाणारा प्रवाह कायम निर्दोष दिसतो, कारण तो अजून रांगेत शिरलेलाच नसतो. बाहेर जाणारा आवाज तुटत असेल तर तो पलीकडच्या टोकाला मोजावा लागतो. ते शक्य नसेल तर पलीकडचा फोन RTCP नावाच्या अहवालातून जिटरचा जो आकडा परत पाठवतो, तो वाचावा.

उपाय रांगेवरच करायचा. राउटरमध्ये अपलोडची मर्यादा खऱ्या वेगापेक्षा किंचित कमी ठेवायची, म्हणजे रांग मोडेममध्ये न साठता राउटरमध्ये साठते आणि तिथे कोणाला पुढे सोडायचं ते आपल्या हातात राहतं. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरवर हे एका ओळीत होतं:

```
tc qdisc replace dev eth0 root cake bandwidth 9mbit
```

इथे eth0 च्या जागी बाहेरची वायर ज्या पोर्टला लागते त्याचं नाव घालायचं. तयार राउटरांत हीच सोय SQM या नावाने असते आणि तिच्यात cake किंवा fq_codel निवडायला मिळतं. नावातलं codel बघून अनेकांना ही आवाजाच्या कोडेकची सेटिंग वाटते आणि ते तिला हात लावत नाहीत. कोडेकशी तिचा काडीचा संबंध नाही, ते उशीर आटोक्यात ठेवणाऱ्या पद्धतीचं नाव आहे. अग्रक्रम देणारी QoS नावाची सोय असते, ती नुसती चालू करून भागत नाही. अपलोडचा आकडा भरलाच नाही तर रांग मोडेममध्येच राहते आणि राउटरने दिलेला अग्रक्रम निरर्थक ठरतो. हा आकडा रिकामा ठेवलेले इतके राउटर मी पाहिले आहेत की आता सगळ्यात आधी तोच बघतो.

जिटर बफर वाढवणं हा तात्पुरता इलाज आहे. ६० चा २०० केलात तर अक्षरं गळायची थांबतील, पण प्रत्येक शब्द तेवढाच उशिरा पोचेल आणि दोन्ही माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतील. एका दिशेचा एकूण उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा ही जुनी शिफारस आजही लागू आहे.

आता SIP ALG. राउटरची ही सोय कॉल जोडणाऱ्या निरोपांमधले आतले पत्ते बदलून बाहेरचे घालते. हे काम ती अनेकदा चुकीचं करते, म्हणून मीही ती बंदच ठेवतो. पण तिच्या चुकीची लक्षणं वेगळी आहेत: एकाच बाजूने आवाज येणं, थोड्या वेळाने येणारे कॉल वाजायचे थांबणं, किंवा कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटणं. हा ३२ सेकंदांचा आकडा SIP च्या, म्हणजे कॉल जोडण्याच्या पद्धतीच्या नियमांतून येतो. कॉल उचलल्याची पोच परत मिळाली नाही तर उत्तर देणारी बाजू तेवढा वेळ थांबून कॉल सोडून देते. अक्षरं गळणं हे या यादीत बसत नाही. शिवाय जोडणीचे निरोप TLS मधून, म्हणजे कुलूपबंद जात असतील तर राउटरला ते वाचताच येत नाहीत, मग ती सोय चालू असली काय नि नसली काय.

कोडेक बदलणं जिथे खरोखर योग्य आहे अशी जागाही आहे, ती म्हणजे वाट मुळातच अरुंद असणं. अपलोड ५१२ किलोबिट असेल तर G.711 चे सहा कॉल ५२२ मागतात. ते मावणारच नाहीत. तिथे G.729 किंवा ओपस घ्या. ओपस मिळत असेल तर मी तोच घेईन, कारण गळलेल्या पॅकेटची भरपाई पुढच्या पॅकेटमधून करायची सोय त्यात आहे. G.729 मागच्या आवाजावरून पुढचा बांधतो, म्हणून एक पॅकेट गेलं की त्याची झळ पुढच्यालाही लागते. जिटर असलेल्या वाटेवर G.729 लावण्याला माझा विरोध आहे तो यासाठी.

आठ फोनांच्या त्या ऑफिसात अपलोड ९ मेगाबिटांवर बांधलं. बॅकअप चालू असतानाही पिंगची उत्तरं तिशीच्या आत राहायला लागली. मग सगळे फोन परत G.711 वर नेले.